प्याद्याचा घोडा झाला तेव्हा

संघर्षनं त्या रविवारी एक तास आधीच डाव मांडला आणि मिनलला तिथंच पहिल्यांदा खटकलं.

संघर्ष तिचा चुलतभाऊ. दोघं एकाच वर्षी जन्मलेले, दिघीत एकाच घरात वाढलेले. तो नोकरीसाठी जर्मनीत गेला, ती हिंजवडीच्या एका कंपनीत टेस्टिंगला लागली आणि मारुंजीत भाड्यानं राहू लागली. तेव्हापासून दर रविवारी दोघं फोनवर बुद्धिबळ खेळायचे. प्रत्येकाला पंधरा मिनिटं, शिवाय दर चालीला दहा सेकंद वाढीव. बरोबर कॉलही चालू असायचा. डाव निमित्त होता. खरं म्हणजे त्या तासाभरात आठवड्याच्या सगळ्या गप्पा व्हायच्या.

वेळ संघर्षच्या जेवणावर ठरलेली. जेवण उरकून त्याच्याकडच्या दीडला तो बसायचा. उन्हाळ्यात तेव्हा इथं पाच वाजलेले असत. ऑक्टोबरच्या शेवटी जर्मनीतली घड्याळं तासभर मागं जातात, मग इथं सहा वाजत. दरवर्षी हा बदल आपोआप व्हायचा. या वेळी घड्याळं आदल्याच रात्री मागं गेली होती, तरी संघर्षचं आव्हान पाचलाच आलं.

तिनं कॉल लावला. त्यानं उचलला नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर बऱ्याच वेळानं उत्तर आलं, ‘mic kharab zalay, khel tu’

ती खेळली. पांढरी मोहरी त्याच्याकडे होती. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट आणि लगेच कॅसलिंग करून राजा कोपऱ्यात, ही संघर्षची सुरुवात तिला पाठ होती. आज त्यानं राजापुढचं प्यादं एकच घर सरकवलं. मग शेजारचं, तेही एकच घर. पूर्ण डावात त्याचं एकही प्यादं दोन घरं चाललं नाही आणि राजा मधोमध उभा राहिला. साध्या चालीलाही तो मिनिटभर घेत होता. मिनल सहज जिंकली.

मुद्दाम हरतोय की काय, असं तिला वाटलं. पुढच्या रविवारी तेच झालं, तेव्हा दुसराच विचार डोक्यात आला. हा खेळणारा संघर्ष नाहीच. त्यानं आपलं खातं कुणाला तरी देऊन टाकलंय. रूमवरच्या मित्राला, नाहीतर एखाद्या मैत्रिणीला. ‘माझी एक बहीण आहे, दर रविवारी डोकं खाते, जरा तू खेळ तिच्याशी.’ हे वाक्य तिनं स्वतःच रचलं आणि स्वतःच त्याचा राग धरून बसली.

ऑफिसात शेजारी बसणाऱ्या दिपालीला तिनं सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “अगं, फोनच चोरीला गेला असेल तर? हल्ली दुसऱ्याच्या नावानं मेसेज करून पैसे मागतात. काहीतरी असं विचार, जे त्यालाच माहीत असेल.”

म्हणून तिसऱ्या रविवारी चाल सुरू असतानाच मिनलनं अ‍ॅपमधल्या चॅटमध्ये लिहिलं, ‘शाळेत असताना माझी नवी चप्पल विहिरीत कुणी टाकली होती?’

समोरचं घड्याळ पळत राहिलं. तीन मिनिटं गेली. मग उत्तर आलं, ‘तूच टाकली होतीस. मार मात्र संघर्षला बसला.’

उत्तर बरोबर होतं. पण मिनलनं ते पुन्हा वाचलं. संघर्ष आयुष्यात कधी देवनागरीत टाइप करत नव्हता, सगळं मराठी इंग्रजी अक्षरांत. वाक्याच्या शेवटी टिंब द्यायची तर त्याला सवयच नव्हती. आणि ‘संघर्षला’? स्वतःबद्दल कोण असं लिहितं? म्हणजे पलीकडे जो कुणी होता, त्याला घरातल्या गोष्टी माहीत होत्या. हे चोराहून वाईट होतं.

डाव पुढं चालला. तिचं लक्ष उडालं, चुका झाल्या आणि पांढऱ्याचं एक प्यादं थेट शेवटच्या ओळीच्या तोंडाशी गेलं. आता वजीर झाला की संपलं, तिनं हार मानलीच होती. प्यादं शेवटच्या घरात पोचलं की पडद्यावर चार मोहऱ्यांची निवड येते. वजीर सगळ्यांत वर असतो आणि लहान पोरसुद्धा त्यालाच बोट लावतं.

समोरच्यानं घोडा घेतला.

मिनल बघतच राहिली. घोडा करून काहीच साधत नव्हतं. ना शह बसत होता, ना काही मरत होतं. पुढच्या चार-पाच चालींत तिनं तो कोंडून मारला आणि हातातून गेलेला डाव जिंकला.

बुधवारी तिनं संघर्षला साधा फोन लावला. या वेळी त्यानं उचलला. आवाज खोल गेलेला.

“माइक नीट झाला वाटतं,” ती म्हणाली.

“अं? हो, गेममध्येच प्रॉब्लेम येतो.”

“रविवारी घोडा का केलास?”

“चुकून बोट लागलं.” उत्तर लगेच आलं. “बरं मिने, जरा कामात आहे, नंतर बोलू.”

म्हणजे त्याला घोडा माहीत होता! त्या रात्री तिनं तो डाव परत उघडला. खेळून झालेला प्रत्येक डाव अ‍ॅप साठवून ठेवतं. चाल पुढं-मागं करून बघता येते, कुठल्या चालीला किती वेळ लागला तेही दिसतं. घोडा करायला तीनच सेकंद लागले होते. हे चुकून झालेलं नव्हतं, आणि त्यात विचारही नव्हता. ज्यानं केलं त्याला ते उघडच वाटत होतं. तिनं बोटानं तो रकाना वर-खाली तपासला. प्यादं घोड्याच्या रकान्यात चढलं होतं. डाव मांडताना त्या शेवटच्या घरात घोडाच असतो.

तिला एकदम साहेबरावकाका आठवले.

संघर्षचे वडील. पिंपरीच्या कंपनीत प्रेसवर आयुष्य गेलं आणि जेवणाच्या सुट्टीत कँटीनमध्ये बुद्धिबळ शिकले, तेही जुन्या देशी पद्धतीचं. प्यादं नेहमी एकच घर चालायचं. कॅसलिंग नव्हतं; राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मिळायची. आणि प्यादं ज्या मोहऱ्याच्या घरात पोचेल, तेच व्हायचं. “घोड्याच्या घरात वजीर कसा जन्मंल गं?” असं विचारायचे. शाळेतल्या स्पर्धेत गेल्यावर दोघा पोरांनी नवे नियम उचलले. काकांनी उचलले नाहीत. आणि दिघीतलं घड्याळ ऑक्टोबरात मागं जात नाही, म्हणून डाव पाचलाच.

पण काका संघर्षच्या नावानं का खेळतील? आणि दोघं मिळून तिच्याशी खोटं का बोलतील? काकांना फोन करून विचारावं असं तिच्या मनात आलं, पण फोनवर तेही सारवासारव करतील. हल्ली कुणाचाच शब्द तिला खरा वाटत नव्हता.

पुढच्या रविवारी ती न कळवता दिघीला गेली. दार सुमनकाकूनं उघडलं.

“जय भीम काकू. काका?”

“ये, ये. आत आहेत.” काकूनं आवाज खाली आणला. “दर रविवारी या वेळेला दार लावून बसतात बघ. इचारलं तर पेन्शनचं काम म्हणतात. रविवारी कसलं पेन्शन? कुणीतरी फोनवरून त्यांना गंडवतंय, मला तर झोप न्हाई.”

मिनलनं ओठांवर बोट ठेवलं आणि पलंगावर टेकली. फोनचा आवाज बंद केला. पाच वाजता आव्हान आलं. तिनं स्वीकारलं. या वेळी पांढरी मोहरी तिच्याकडे होती. तिनं प्यादं दोन घरं पुढं टाकलं.

बंद दाराआड ‘टक्’ असा आवाज झाला.

काकूनं तिच्याकडे पाहिलं. समोरची चाल आल्यावर मिनलनं घोडा काढला. आत टक्. तिच्या फोनवर काळं प्यादं एक घर सरकलं आणि आतून पुन्हा टक्. ती खेळत राहिली. मग वजिरानं शह दिला आणि आतून काका पुटपुटले, “आयला, हा कुठनं आला?”

ती उठून दारापाशी गेली. “काका, राजा हलवा. घड्याळ पळतंय.”

मग कडी निघाली. काका चष्मा कपाळावर चढवून उभे होते, हातात टॅब. तिच्याकडे न बघता म्हणाले, “कधी कळलं?”

“घोडा केलात तेव्हा.”

“तो पण तेच म्हणला. बाबा, वजीर करायचा व्हता.”

“म्हणजे त्याला सगळं माहिताय? मग मला का फसवलंत दोघांनी?”

काका पलंगावर बसले. काकू दारातच उभी राहिली, कारण हे तीही पहिल्यांदाच ऐकणार होती.

“त्याची नोकरी गेली, पोरी. त्यांचा अख्खा विभाग बंद केला. दुसरी मिळाली न्हाई तर परत यावं लागंल. कुणाला सांगू नका म्हणला. दिवस दिवस पडून राहतो. मला म्हणला, मिनलला सांगतो आता खेळायचं बंद, बोलायची ताकद न्हाई. मी म्हणलं, बंद करू नको. एकदा मोडलं की पुन्हा कोण मांडतंय? तुझं खातं दे मला, तू बरा होईस्तोवर मी जागा धरतो.” ते थांबले. “फोन उचलता येत न्हाई त्याला, पण डाव बघतो. प्रत्येक रविवारचा. मग मला लिहून पाठवतो, बाबा इथं चुकलात. आठवड्यात तेवढंच बोलतो तो.”

काकू भिंतीला टेकून खाली बसली. “आईला सांगायला काय झालं होतं?” एवढंच ती म्हणाली.

मिनलला रडू आलं नाही, राग आला. महिनाभर तिनं त्याच्याबद्दल काय काय रचलं होतं, आणि तो तिकडं एकटा पडून तिच्या चाली बघत होता. तिनं त्याच टॅबवरून व्हिडिओ कॉल लावला. वडिलांचा म्हणून त्यानं उचलला. दाढी वाढलेली, खोलीत अंधार.

तिला बघून तो उठून बसला.

“मी एवढी परकी झाले का रे?” तिनं विचारलं.

“तू लगेच समजवायला लागली असतीस,” तो म्हणाला. “मला ते ऐकायचं नव्हतं.”

“मग नाही समजावत. पण खोटं बोलू नकोस. बोलायचं नसेल तर नुसता खेळ. खेळायचं नसेल तर नुसता बस.”

त्यानं फोन ठेवला नाही. काकूनं टॅब ओढून घेतला आणि काय जेवलास ते विचारायला सुरुवात केली. काका बाजूला चष्मा पुसत राहिले.

फेब्रुवारीत त्याला दुसऱ्या गावात काम मिळालं, आधीपेक्षा लहान. त्याआधी कितीतरी रविवार तो खेळला नाही. कॉल चालू ठेवून नुसता समोर बसला. दुसऱ्याच्या खात्यावर खेळणं अ‍ॅपच्या नियमात बसत नाही, म्हणून मिनलनं काकांना त्यांच्या नावाचं खातं काढून दिलं. कॅसलिंग ते अजून करत नाहीत.

दोघांचे डाव पुन्हा सुरू झालेत. तरी संघर्ष एखाद्या चालीवर फार वेळ थांबला की मिनलला आत कुठंतरी शंका येते. मग ती सरळ विचारते, “आहेस ना रे?” तो कधी हो म्हणतो, कधी नुसतं खाकरतो. तेवढं ऐकल्याशिवाय ती पुढची चाल करत नाही.