काट्यावरची विचारपूस

वजनकाट्यावर बसणाऱ्या माणसाला गप्प राहायची मुभा नसते, हे मला नोकरीच्या आठव्या दिवशी कळलं. सेलूच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मी काट्यावर बसत होते. काम तसं सोपं. कापसाची भरली गाडी काट्यावर चढली की संगणकात गाडीचा नंबर, माणसाचं नाव आणि गाव टाकायचं आणि वजन घ्यायचं. माल उतरवून रिकामी गाडी परत आली की तिचं वजन घ्यायचं, आणि दोन्हीतल्या फरकाची पावती छापून हातात द्यायची. मी खाली मान घालून हे सगळं बिनचूक करत होते. तरी आठव्या दिवशी जिनिंगचे मालक धोंडप्पा शेठ माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिले.

दोन गाड्या फाटकातूनच माघारी गेल्या होत्या. काट्यावरची बाई नाव-गावापलीकडं तोंड उघडत नाही, म्हणजे वजनात काहीतरी काळंबेरं असणार, असं त्या शेतकऱ्यांचं म्हणणं. शेठ रागावले नाहीत. "पोरी, माणूस सालभर राबून माल आणतोय," ते म्हणाले. "तू दोन शब्द बोललीस तर त्याचा काट्यावर भरवसा बसतोय. संक्रांतीपस्तोर बघतो. न्हाई जमलं तर दुसरं कुणी बसवावं लागंल."

मला बोलता येत नाही असं नाही. माझी जीभ चांगली तिखट आहे, माहेरी त्यावरून रोज ऐकून घ्यायचे. पण मला भीती वाटत होती. आपल्याकडं अनोळखी माणसाशी बोलायचं म्हणजे पहिला प्रश्न गाव कोणतं, दुसरा आडनाव काय, आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघालंच म्हणून समजा. आम्हा लिंगायतांत तर तिसऱ्याची गरजही पडत नाही. गळ्यातला लिंगाचा शिवदोरा दिसला की समोरचा खुशीत येतो, आपल्यातल्याच का म्हणतो, आणि खिशातून फोन काढून कुणा मेहुण्याला विचारायला लागतो.

आणि मला तर कुणी ओळखायलाच नको होतं. आठ महिन्यांपूर्वी मी चुडाव्याहून, म्हणजे सासरहून, माझ्या चार वर्षांच्या रेणुकाला घेऊन सकाळच्या गाडीत बसले होते. नवऱ्याचा मार मी पाच वर्षं खाल्ला. ज्या दिवशी त्यानं रेणूला भिंतीवर ढकललं त्या दिवशी माझा हिशेब संपला. सासूबाई त्याआधीच बजावून बसल्या होत्या, की तुला जायचं तर खुशाल जा, पोर आमची आहे, ती इथंच राहील, नेलीस तर जिथं असशील तिथून उचलून आणू. माहेरी गेले असते तर भावानं दुसऱ्या दिवशी परत नेऊन सोडलं असतं. म्हणून सेलूला उतरले. इथं माझं कुणी नव्हतं, एवढंच या गावाचं मला कौतुक.

सुलाबाईनं मला बोलायला शिकवलं. ती कापसातला कचरा वेचायच्या कामावर होती आणि दुपारी माझ्या खिडकीच्या सावलीत भाकरी खायची. मी तिला अडचण सांगितली नाही, तिनं विचारलीही नाही. तिनं इतकंच सांगितलं की माणसाचं सुरू करू नये, मालाचं सुरू करावं. कापूस कितव्या वेचणीचा, मजूर मिळाले का, रानडुकरांनी काही ठेवलं का, असं विचारलं की शेतकरी आपलं गाऱ्हाणं सांगायला लागतो आणि त्याला तुमचं गाव विचारायचं सुचतच नाही. तरी विचारलंच, तर जिथं दाखवण्यासारखं मोठं काही आहे असं गाव सांगावं. "मोठं काही असलं की माणूस तेच विचारत बसतंय. तुझ्या घरापस्तोर येत न्हाई," ती म्हणाली. आणि बोलणं वाढायला लागलं की पावती त्याच्या हातात देऊन पुढच्या गाडीकडं बघायचं. हातात कागद आला की माणूस आपणहून निघतो.

मी येलदरीची झाले. येलदरी म्हटलं की लोक धरणाचं पाणी विचारत, वीज विचारत, मासे विचारत. पाणी किती ते मी रोज पेपरात बघून ठेवायचे. मासे मात्र आमच्या घरात कधी आले नाहीत, त्यामुळे तिथं मी एकदा चांगली अडखळले. समोरच्या म्हाताऱ्यानं कुठला मासा गोड असं विचारलं आणि मी म्हणाले, सगळेच. तो हसला, मीही हसले, आणि पटकन पुढच्या गाडीकडं बघितलं.

हळूहळू जमायला लागलं. माणसं माझ्याशी बोलून हलकी होऊन जायची, फाटकातून गाड्या माघारी जायच्या थांबल्या. शेठ लांबून बघायचे आणि मान हलवायचे. पण प्रत्येक गाडी काट्यावर चढताना मी आधी आतला चेहरा न्याहाळायचे, ते काही सुटलं नाही. गाव कोणतं हे मला दिवसातून चाळीसदा विचारावं लागायचं. दरवेळी उत्तर चुडावा येऊ नये, एवढंच मनात असायचं.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भर दुपारी एक पिकअप काट्यावर आली आणि तिच्यातून महारुद्रअप्पा उतरले. चुडाव्यात आमच्या मागच्या गल्लीत त्यांचं खत-बियाणांचं दुकान. गावचा कापूस गोळा करून चांगला भाव असेल तिथं नेतात, हे मला माहीत होतं. सेलूपर्यंत येतील असं वाटलं नव्हतं. ते आमच्या लग्नात वाढायला होते. मी रोज त्यांच्या दुकानावरून पाण्याला जायची.

कापसाची धूळ नाकात जाऊ नये म्हणून मी ओढणी तोंडाला बांधलेली असते. नुसते डोळे दिसतात. तेवढ्यानं ते ओळखणार नाहीत, पण आवाजानं ओळखतील, असं माझ्या मनानं घेतलं. मी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. भराभर टाइप केलं, वजन घेतलं आणि पहिल्या वजनाची चिठ्ठी खिडकीतून बाहेर सरकवली. मी घाबरले होते, आणि घाबरलेलं माणूस मूर्खपणा करतं.

अप्पांनी चिठ्ठी डोळ्यांजवळ धरून वाचली. मग वर बघितलं.

"बाई, मी नाव सांगितलं न्हाई. गाव बी सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "मग ह्याच्यावर महारुद्र, चुडावा कसं आलं?"

इतक्या दिवसांत शिकलेलं एकही वाक्य आठवेना. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न वाजवला आणि अप्पांना गाडी पुढं घ्यावी लागली. जाताना ते दोनदा वळून बघत होते.

माल उतरायला तासभर लागतो. तो तास मी कसा काढला ते माझं मला माहीत. ते नक्की फोन लावत असतील असं वाटलं. सेलूहून बोलतोय, तुमची सून सापडली. चुडाव्याहून निघाले तर दिवस मावळायच्या आत नवरा इथं पोचेल. रेणू बालवाडीतून सुटून घरमालकिणीच्या ओट्यावर खेळत असेल. आत्ता उठून तिला घेऊन निघावं, पण कुठं? दरम्यान तीन गाड्या आल्या. मी त्यांच्याशी काय बोलले कुणास ठाऊक. एकाला मी पाऊस कसा आहे असं विचारलं, डिसेंबरात. तो बिचारा आभाळाकडं बघायला लागला.

सुलाबाई पाणी प्यायला आली तेव्हा माझा चेहरा बघून थांबली. मी तिला म्हटलं, मला पळून जावंसं वाटतंय. ती म्हणाली, रिकामी गाडी येईपर्यंत थांब, पावती दिल्याबिगर उठू नको. आज उठलीस तर उद्या दुसऱ्या गावातून बी उठशील. मग ती तिथंच, खिडकीबाहेर, माती झटकत उभी राहिली.

पिकअप परत आली. अप्पा उतरले आणि खिडकीशी आले. आता त्यांना माहीत होतं, हे त्यांच्या चालीतच कळलं. तरी त्यांनी सुरुवात बाहेरूनच केली. सेलूला लय गर्दी हाय म्हणाले. मी हो म्हणाले. इथं हमाल चांगले हायत म्हणाले. मी हो म्हणाले. रिकाम्या गाडीचं वजन पडद्यावर स्थिर झालं होतं, पण माझं बोट बटणावर जाईना.

मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "लेकरू कुठं हाय?"

खोटं बोलायचं तर हीच वेळ होती. पण ते माझ्याकडं असे बघत होते, की खोटं बोलायला जीभ उचलेना. मी ओढणी खाली केली. म्हटलं, "माझ्याजवळ आहे. अप्पा, पाया पडते, घरी सांगू नका. ते तिला घेऊन जातील."

अप्पांनी नजर काट्यावरच्या आकड्यांकडं वळवली. "सूनबाई, मी काय सांगणार न्हाई," ते म्हणाले. "पण तुमी उगा भ्यायलाय. तिला कुणी हुडकायला निघालंच न्हाई. पोरगं असतं तर गोष्ट येगळी, असं तुमची सासूच दुकानात बसून म्हणाली. त्याचं दुसरं लगीन ठरवायलेत, माघात करतेत. घाबरू नका. कुणी इचारणार न्हाई."

माणूस भला. त्यांना वाटलं, माझ्या डोक्यावरचं ओझं उतरवतोय. आणि उतरलंही असेल. आठ महिने मी दाराची कडी दोनदा तपासत होते, पोरीला अंगणात एकटी सोडत नव्हते, स्वतःचं गाव गिळून बसले होते, आणि तिकडं माझ्या लेकरासाठी कुणी गाडीच्या तिकिटाला खिशात हातही घातला नव्हता. मला हायसं वाटायला हवं होतं. मला इतका राग आला की कानशिलं तापली.

मी बटण दाबलं. पावती छापून निघाली. ती मी त्यांच्या हातात दिली नाही, धरून ठेवली.

"अप्पा, त्यांना सांगा," मी म्हटलं.

त्यांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. सुलाबाईनंही मान वळवली.

"नाही विचारलं तरी सांगा. दुकानात बसून सगळ्यांपुढं सांगा. रेणुका सेलूला आहे, बालवाडीत जाते. स्वतःचं नाव स्वतः लिहिते. आई जिनिंगच्या काट्यावर बसते."

आवाज चढला होता. मागच्या गाडीचा चालक मान बाहेर काढून बघत होता. अप्पांनी पावती घेतली आणि घडी करून खिशात घातली.

"सांगतो," ते म्हणाले. मग गाडीकडं जाता जाता परत आले आणि विचारलं, "नाव सगळंच लिहितीय का? बापाचं बी?"

"नाही," मी म्हटलं. "तिचं आणि माझं."