न घडलेल्या गोष्टींचा अहवाल

बंगळुरातल्या सर्जापूर रोडवरच्या त्या कंपनीत गेट नावाची एक गोष्ट होती आणि ती कोणालाच आवडत नव्हती. कंपनी घरपोच किराणा देत असे. ग्राहक फोनवर काहीतरी टाइप करी आणि काय दाखवायचं ते कंपनीचं सर्च ठरवी. सर्चमध्ये कोणताही बदल करायचा झाला की तो आधी या गेटमधून जावा लागे.

गेट म्हणजे दोनेकशे ठरलेले प्रश्न. लोक खरोखर टाइप करतात तसेच: ‘इडली रवा’, ‘अवलक्की’ म्हणजे पोहे, ‘तूरडाळ एक किलो’. प्रत्येकापुढे लिहिलेलं असे की पहिल्या पाच निकालांत काय आलंच पाहिजे आणि काय येता कामा नये. बदल करायचा तर कंपनीचा सगळा माल नव्या पद्धतीने बाजूला वेगळा लावायचा, जुन्याला आणि नव्याला तेच दोनशे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं शेजारीशेजारी ठेवून बघायची. यात एकही ‘अत्यावश्यक’ खुणेचा प्रश्न लाल झाला, म्हणजे त्याचं उत्तर चुकलं, तर बदल बाहेर जात नसे. इतकी साधी गोष्ट होती, त्यामुळे तिच्यावर दर महिन्याला मीटिंग होई.

गेट भार्गवीने उभं केलं होतं. ती जयनगरची. घरात मराठी बोलणाऱ्या पण बाहेर मराठी बोलायची वेळ क्वचितच येणाऱ्या जुन्या घराण्यातली. आवाज न चढवता नाही म्हणायची तिला सवय होती. कंपन्यांमध्ये हा दुर्गुण समजला जातो.

त्या वर्षी गेटने दोन बदल अडवले होते. दोन्ही वेळा प्रॉडक्टचा प्रमुख रणजीत वैतागला. तो पुण्याचा, बंगळुरात चार वर्षं काढून कन्नडमधला ‘स्वल्प’ एवढा एकच शब्द शिकलेला, तोही रिक्षावाल्यांसाठी. त्याने वरती तक्रार केली आणि वरून, म्हणजे टेक्नॉलॉजीच्या प्रमुख श्रीविद्या यांच्याकडून निरोप आला: तिमाहीच्या आढाव्यात गेटचा निकाल लावू. गेटमुळे काय वाचलं ते दाखवा, नाहीतर गेट बंद.

भार्गवीला नोकरी जाण्याची भीती नव्हती. गेट गेलं तरी तिला दुसऱ्या टीममध्ये टाकलं असतं, जिथे कूपनं फिरतात. पण दोन वर्षं तिने त्या दोनशे प्रश्नांची निगा राखली होती आणि त्यांच्याविना सर्च उघडं पडेल असं तिला वाटे. अशा वाटण्याला आढाव्यात रकाना नसतो.

आढाव्याच्या आधीच्या आठवड्यात प्रणीतचा बदल आला.

प्रणीतही इथलाच, यशवंतपूरच्या बाजूचा. किराण्याच्या ठोक व्यापारात असलेल्या मराठी कुटुंबातला पहिला इंजिनिअर. तो भार्गवीला अक्का म्हणे, मीटिंगमध्येसुद्धा. त्याचा बदल चांगला होता. लोक ‘राइस फॉर डोसा’ असं टाइप करत आणि सर्च ‘फॉर’ हा शब्द तांदळाच्या पाकिटावर शोधत बसे. तो तिथे नसल्यामुळे ग्राहकाला काहीच दिसत नसे. प्रणीतने अशा बिनकामाच्या इंग्रजी शब्दांची यादी लावली: फॉर, द, ऑफ, इन. हे शब्द सर्च आता मालाच्या नावातूनही गाळणार होतं आणि प्रश्नातूनही. यादी त्याने केली नव्हती. तयार मिळते, सगळे वापरतात.

गेटवर एकूण गुण वाढले. ‘राइस फॉर डोसा’ला डोशाचा तांदूळ आला. आणि एक प्रश्न लाल झाला.

प्रश्न होता ‘नो ऑनियन नो गार्लिक’. जुन्या सर्चमध्ये पहिल्या पाचात कांदा-लसूण नसलेले मसाले, सांबार पावडर, रसम पावडर. नव्या सर्चमध्ये क्रमांक एकवर कांदा-लसूण पेस्ट, दोनवर कांदे, तीनवर लसूण, चारवर सोललेला लसूण आणि पाचवर पुन्हा पेस्ट, मोठी बाटली.

“अक्का, हे काय झालं?” प्रणीत म्हणाला.

“तुझ्या यादीत ‘नो’ आहे,” भार्गवी म्हणाली.

त्याने यादी उघडली. होता. ‘नॉट’सुद्धा होता. ज्याने ती यादी केली त्याच्या मते नकाराला काही वजन नसावं. ‘नो’ गाळला की प्रश्नात उरले कांदा आणि लसूण. ‘नो ऑनियन नो गार्लिक’ असं लिहिलेल्या सांबार पावडरच्या लांबलचक नावातूनही ‘नो’ गळले होते, आणि नाव जितकं आखूड तितकं ते नेमकं जुळलेलं असं सर्च धरतं. म्हणून पेस्ट वर चढली होती.

“चातुर्मास पुढच्या आठवड्यात,” भार्गवी म्हणाली.

“देवा,” प्रणीत म्हणाला. त्याच्या घरी कांद्याशिवाय पोळी उलटत नसे, पण वडिलांची गिऱ्हाइकं त्याला माहीत होती.

रणजीत आला तेव्हा त्याच्या हातात कॉफी होती आणि चेहऱ्यावर समजूतदारपणा. तो त्याला चांगला दिसत नसे.

“भार्गवी, ओव्हरऑल स्कोअर वर गेलाय ना? मग?”

“एक अत्यावश्यक लाल आहे.”

“दोनशेतला एक! अगं, शाळेत एवढे मार्क पडले असते तर आईने पेढे वाटले असते.”

“शाळेत कांदा मागितला नव्हता तरी दिला असं होत नाही.”

रणजीतने खुर्ची ओढली. “बरं. त्या प्रश्नाचं अपेक्षित उत्तर बदलूया. आत्ता जे येतंय तेच अपेक्षित म्हणून लिहायचं. हिरवा.”

“म्हणजे परीक्षेत मुलाने जे लिहिलं तेच बरोबर धरायचं.”

“लवचीकता म्हणतात त्याला. दुसरं, मी आकडे काढलेत. गेल्या महिन्यात हा प्रश्न फार कोणी विचारलेलाच नाही. लो व्हॉल्यूम. प्रश्नांच्या सेटमधून काढून टाक. नाहीतरी हा तुझ्या घरचा प्रश्न आहे. चार महिने तुमच्याकडे कांदा घरात येत नाही, ते मला माहितीये. पर्सनल इंटरेस्ट!”

“संचालकांच्या बायकोसाठी ‘ऑरगॅनिक अॅव्होकॅडो’ सेटमध्ये आहे,” भार्गवी म्हणाली. “तोही काढायचा?”

“तो स्ट्रॅटेजिक आहे.”

“गेल्या महिन्यात कोणी विचारलं नाही, कारण गेल्या महिन्यात चातुर्मास नव्हता. मागच्या वर्षीचे श्रावणातले आकडे काढ.”

रणजीतने काढले नाहीत. तो उठला आणि जाताना म्हणाला, “आढाव्यात बोलूच. तिसऱ्यांदा अडवतेयस. एवढं लक्षात ठेव.”

तो गेल्यावर प्रणीत खुर्ची जवळ घेऊन हळूच म्हणाला, “अक्का, एक सांगू? सोडून द्या.”

“काय?”

“जाऊ द्या हे बाहेर. जसं आहे तसं. पहिल्या दिवशी सगळ्या बसवनगुडी-जयनगरच्या फोनवर कांदे दिसतील. फोन येतील, फोटो फिरतील. आपण तासाभरात जुन्यावर परत येऊ, जुनं तसंच बाजूला ठेवलेलं असतंच. आणि आढाव्यात तुम्हाला एक शब्द बोलावा लागणार नाही. गेट कायमचं राहील.”

“आणि तुझं नाव लागेल बदलावर.”

“लागू दे. ‘गेटने सांगितलं होतं, रणजीतने ऐकलं नाही’ असं मी लिहून देतो.”

भार्गवीने विचार केला हे नाकारण्यात अर्थ नाही. तिने खरोखर विचार केला. हिशेब सरळ होता. अडवलं तर काही घडणार नाही, आणि काही घडलं नाही तर दाखवायला काही नाही. जाऊ दिलं तर घडेल, आणि घडलं की गेट अमर. गेट चांगलं आहे हे सिद्ध करण्यासाठी गेटने एकदा झोपायला हवं होतं.

“त्या तासाभरात,” ती म्हणाली, “ज्यांना पाकीट उलटून वाचता येत नाही त्यांच्या घरी पेस्ट जाईल. एखादी म्हातारी सांबारात घालेल.”

“एखादीच, अक्का.”

“सेटमध्ये प्रश्न एखादाच असतो. म्हणून तर तो सेट आहे.” तिने स्क्रीन त्याच्याकडे वळवली. “यादीतून ‘नो’ आणि ‘नॉट’ काढ. माल पुन्हा लाव. आणि सगळे दोनशे परत चालव, नुसता हा एक नाही.”

“सरी, काढतो,” प्रणीत म्हणाला. तो थोडा निराश झाला होता.

सगळे दोनशे हिरवे झाले. डोशाचा तांदूळही जागेवर राहिला. बदल बाहेर गेला. चातुर्मास लागला, लोकांनी कांदा-लसूण नसलेले मसाले मागवले आणि त्यांना ते मिळाले. कोणीही फोन केला नाही, कोणीही फोटो टाकला नाही. आढाव्याच्या दृष्टीने ही आपत्ती होती.

आढाव्याला श्रीविद्या पाण्याची बाटली घेऊन बसल्या. रणजीतने पडद्यावर एकच पान लावलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं: गेटमुळे उशीर झालेले बदल, तीन. गेटमुळे टळलेल्या दुर्घटना, शून्य.

“शून्य कसं?” भार्गवी म्हणाली. तिने कांद्यांचं पान दाखवलं, जुनं डावीकडे, नवं उजवीकडे.

“हे ग्राहकांना दिसलं?” रणजीतने विचारलं.

“नाही. गेट होतं म्हणून.”

“म्हणजे घडलं नाही. न घडलेल्या गोष्टी मी कशा मोजू?” तो श्रीविद्यांकडे वळला. “मॅम, माझं म्हणणं एवढंच की टीम समजूतदार आहे. टीमवर विश्वास ठेवूया. गेट बंद.”

श्रीविद्या थोडा वेळ उजवीकडच्या कांद्यांकडे बघत होत्या. त्या म्हैसूरकडच्या, पण त्यांच्या चेहऱ्यावरून त्या कांदा खातात की नाही हे कळत नव्हतं. मग त्यांनी बदल बाहेर पाठवायचा फॉर्म उघडला.

“इथे ‘मंजुरी’ असा रकाना आहे,” त्या म्हणाल्या. “आत्तापर्यंत तिथे गेटचं नाव येत होतं. गेट बंद झालं की कोणाचं घालू?”

रणजीतने पडद्यावरचा तो रकाना पाहिला.

“टीमचं,” रणजीत म्हणाला.

“टीम हा पर्याय येत नाही. माणूस लागतो.”

“प्रणीत... बदल त्याचा असतो.”

“ज्याचा बदल त्याची मंजुरी चालत नाही. ऑडिटवाले नाही म्हणतात. प्रॉडक्टचा प्रमुख चालतो.” त्यांनी कर्सर रकान्यावर ठेवला. “तुमचं घालू?”

रणजीतने कॉफीचा कप उचलला आणि तो रिकामा आहे हे कळूनही एक घोट घेतला. पुढच्या आठवड्यात त्याच्या स्वतःच्या कल्पनेतून आलेली समानार्थी शब्दांची तीनशे ओळींची फाइल बाहेर जाणार होती. त्यात त्याने ‘तूप’ आणि ‘तेल’ एका ओळीत, म्हणजे एकाच अर्थाचे म्हणून, टाकले होते.

“मॅम,” तो म्हणाला, “मी गेटच्या विरुद्ध कधीच नव्हतो. माझं म्हणणं फक्त वेगाबद्दल होतं.”

“म्हणजे गेट राहू दे?”

“राहू दे. उलट मजबूत करूया.”

श्रीविद्यांनी ते लिहून घेतलं. इतिवृत्तात पुढे असंच आलं, की प्रॉडक्टच्या प्रमुखांच्या सूचनेवरून गेट मजबूत करण्यात येत आहे. प्रणीतने ते वाचून भार्गवीकडे बघितलं. ती लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होती.

“अक्का, तुमचं नावसुद्धा नाही यात.”

“गेट आहे ना?” ती म्हणाली आणि रणजीतला हाक मारली. “तुझी फाइल आजच दे. ‘तूप अर्धा किलो’ अत्यावश्यक आहे.”

“तेल आणि तूप वेगळं दिसायला पाहिजे का?” रणजीतने विचारलं. त्याने ते अगदी नम्रपणे विचारलं.