सावलीतली चीर

चाकणच्या कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर नवनाथची तीन बोटं गेली. चौकशी अजून चालू होती, पण मॅनेजर दादासाहेबांनी माझ्याकडे त्याच प्रेसच्या अपघाताआधीच्या फोटोवरून कार्टून मागितलं. चौकशीत दाखवायला.

मी कॉम्प्युटरवर फोटोतल्या उजेडाच्या तीनच पायऱ्या केल्या: लख्ख, मध्यम, गडद. मधल्या छटा सपाट झाल्या. उजेड जिथं एकदम बदलतो, तिथं काळ्या कडा उमटल्या. प्रेस खेळण्यासारखी दिसू लागली, पण हात आत जाऊ नये म्हणून बसवलेल्या गार्डवरची चीर गायब! ती सावलीत होती, सावलीपेक्षा जराशीच काळी, म्हणून गडद पायरीत बुडाली. मी कडा पकडायची संवेदनशीलता वाढवली. चीर ठसठशीत उमटली.

दादासाहेब मागं उभेच होते. "वर्षाली, ती रेघ घालव."

"सर, ती फोटोत आहे. गार्ड आधीच फुटलेलं होतं."

"कार्टून आहे बाई, पंचनामा नाही. तुझं कंत्राट या महिन्यात संपतंय ना?"

मी संवेदनशीलता कमी केली. चीर गेली.

"शाब्बास. आता एक बेफिकीर कामगार टाक, हात आत घालणारा."

तो कामगार म्हणजे नवनाथच होता. मी त्याच्या चेहऱ्यालाही तीनच पायऱ्या दिल्या.