शून्यापासून वीसपर्यंत

शिकवणी-वर्गाच्या बाईंच्या अकराही मुलांना वाचनाच्या चाचणीत वर्षारंभी शून्य होते आणि सहामाहीलाही शून्यच पडले, तेव्हा मुख्याध्यापकांनी वर्ग बंद करण्याचे ठरवले. मागे पडलेल्या मुलांसाठी शाळेत हा एकच वर्ग होता.

"बाई, रागावू नका. पण प्रगती शून्य म्हणजे शून्यच की हो!"

"सर, तुमच्या चाचणीतला सर्वांत सोपा प्रश्नच उतारा वाचून उत्तर लिहा असा आहे. माझ्या वर्गातली ती ठेंगणी वर्षारंभी एकही अक्षर ओळखत नव्हती, आता सगळी मुळाक्षरं ओळखते. गप्प्या तर आता वाक्यं वाचतो. उताऱ्यापर्यंत दोघंही पोहोचत नाहीत, म्हणून दोघांनाही शून्य. ट्रकच्या वजनकाट्यावर तान्ही बाळं ठेवायची आणि काटा हलला नाही म्हणून आयांना दटावायचं, त्यातली ही गत!"

मुख्याध्यापक हसले. ते विनोदाची कदर करणारे गृहस्थ होते. त्यातल्या अर्थाशी त्यांचे विशेष सख्य नव्हते.

"मग सोपी चाचणी काढा."

बाईंनी ती काढली. तिला पायऱ्या होत्या: अक्षरे, काना-मात्रांचे शब्द, वाक्ये आणि शेवटी उतारा. प्रत्येक मूल जिथे अडेल, तिथेच त्याची इयत्ता कळावी, इतका साधा हेतू. पण छपाईआधी कागद मुख्याध्यापकांच्या टेबलावरून गेला, आणि वेळ वाचावा म्हणून त्यांनी अक्षरांनंतरच्या सगळ्या पायऱ्या छाटून टाकल्या.

निकाल लागला. अकराही मुलांना वीसपैकी वीस.

"अभिनंदन!" मुख्याध्यापक उठून उभे राहिले. "तुमची मुलं आता इतरांच्या बरोबरीला आली. नेहमीच्या मोठ्या वर्गातल्या मुलांनाही हीच चाचणी दिली, त्यांनाही वीसच."

"सर, अहो, वीसच्या वर गुणच नाहीत त्या कागदात! गप्प्याला वीस, ठेंगणीला वीस, कादंबऱ्या वाचणाऱ्या तुमच्या पहिल्या नंबरालाही वीस. आधी सगळे जमिनीला चिकटले होते, आता छताला. फरक गेला कुठे?"

"म्हणजे कठीण नको, सोपीही नको. बाई, तुम्हाला नक्की हवं तरी काय?"

"मधलं. जे तुम्ही कापलंत."

"आता निकाल वर कळवलाय. वर्गाची गरज संपली, ही आनंदाचीच बाब नाही का?"

बाईंच्या तोंडी एक शब्द आला होता; तो कोणत्याही पाठ्यपुस्तकात नसल्याने त्यांनी गिळला.

त्याच दुपारी अकरा मुले मोठ्या वर्गात बसवली गेली. ठेंगणीपुढे दाट छपाईचे पुस्तक उघडण्यात आले. तिने पहिल्या ओळीतली अक्षरे एकेक करून बोटाने दाखवली, काना-मात्रा वगळून, आणि दारातून जाणाऱ्या बाईंना हाक मारली.

"बाई, मला वीस पडले ना? मग हे वाचता का येत नाही?"

वर्गातली मुले फिदीफिदी हसली. बाई आत जाऊ लागल्या, तोच मोठ्या वर्गाच्या शिक्षकांनी दाराशी हात आडवा धरला.

"बाई, आता ती आमची विद्यार्थिनी आहे."