मावशीचा चष्मा, उणे सात

भाची आठवडाभर मावशीच्या चेहऱ्यावर सराव करत होती, आणि आठवडाभर मावशीचा चष्मा टेबलावर पडून होता. आज पार्लरमधली चाचणी, मावशीलाच नवरी करून. पास झाली तर नोकरी, नाही तर पुन्हा वडिलांच्या दुकानात काउंटरवर बसणं, आणि ते तिच्या अगदी जिवावर येत होतं.

भरघोस काजळ, जाड लायनर, पापणीवर गडद तपकिरी शॅडो. वीस मिनिटं शिल्लक असतानाच झालं. गंगेत घोडं न्हालं म्हणत ती ब्रश पुसायला लागली.

"आता चष्मा घाला," मालकीणबाई मावशीला म्हणाल्या.

मावशीने घातला. नंबर उणे सात. जाड काचांमागे डोळे आक्रसले, काळ्यात काळं मिसळून दोन ठिपके उरले. नाकावरचं फाउंडेशन चष्म्याच्या पॅडखाली सरकलं आणि त्याचे ओघळ दिसायला लागले. जी बाई उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा लावते, तिचा मेकअप बिनचष्म्याचा करायचा, ही अक्कल भाचीने कुठून आणली होती देव जाणे!

"अगं, माझे डोळे गेले कुठे?" मावशी आरशात बघत म्हणाली.

"आणते परत. हलू नकोस."

भाचीने चष्मा उतरवला. तिने पॅड पुसून कोरडे केले. नाकाच्या कडेचं फाउंडेशन टिपून काढलं, नखाएवढंच नवं ओल्या स्पंजने थोपटलं, वर पावडर दाबली. काजळ पुसून खालच्या पापणीच्या आत त्वचेच्या रंगाची पेन्सिल फिरवली. वर फिकी, चमकदार शॅडो, लायनर अगदी बारीक. पापण्या कर्लरने वळवल्या. मस्कारा मुळाशीच लावला, टोकं काचेला लागायला नकोत. फ्रेमची सावली पडते तिथे थोडा कन्सीलर. मग सगळं सुकेपर्यंत नुसतं उभं राहायचं, आणि तेच सगळ्यात अवघड होतं. घड्याळ काही थांबत नव्हतं.

चष्मा चढला. डोळे दिसले. मालकीणबाईंनी थोड्या वेळाने तो स्वतः उतरवून पॅड बघितले. स्वच्छ होते.

"बरंय. आता चष्म्याविना फोटो. काचेवर दिवा चमकतो."

मावशीने सवयीने मान डोलावली. "माझ्या लग्नातही काढायला लावला होता. फोटो ढीगभर आहेत, पण त्या दिवशी आरशात मला नुसतं धुकं दिसलं."

 बोलावं तर नोकरी जाईल, गप्प बसावं तर मावशीचं तोंड बघवेना.

"मॅडम, चष्मा राहील," भाची म्हणाली आणि तो मावशीच्या नाकावर परत चढवला. "दिवा बाजूला घेते. मावशी, हनुवटी जरा खाली कर."

"इथे ठरवतं कोण?"

"तुम्ही. पण फोटो चष्म्यासकट."

मालकीणबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिलं, मग फोटो काढला. "सोमवारपासून ये. आणि उलट उत्तरं घरी ठेवून ये."

भाचीने भराभरा सामान आवरलं. मावशी आरशासमोरून हलेचना.

"चल ना गं मावशी."

"थांब," मावशी म्हणाली. "नवरीला बघू दे जरा."