एकटीने उभारलेली कंपनी

ताईची कृत्रिम पाय बनवायची कंपनी आहे. तिच्या सत्कारासाठी जाहिरात एजन्सीने लिहिलेला परिचय मी तिला मोठ्याने वाचायला लावला. जिथे ती अडखळेल, ते मी बदलणार होतो.

"दूरदर्शी नेतृत्व" वाचून ती म्हणाली, "ही कोण बाई?" ते उडवलं.

"एकटीने कंपनी उभारली" इथे ती अडखळली.

"हेही एजन्सीचंच डोकं?"

"नाही रे. मीच सांगितलं त्यांना."

कंपनी ताई आणि तिची मैत्रीण, दोघींनी काढली होती. मैत्रीण भांडून गेली, त्याला बरीच वर्षं झाली. मी लिहिलं, "मैत्रिणीसोबत."

"नाव घाल तिचं," ताई थकून म्हणाली.

"मग तिला विचारावं लागेल."

ताईने डोळे चोळले आणि स्वतःच फोन लावला.

"मी बोलतेय. एक वाक्य वाचून दाखवू?"