आठ वाजताची गोळी

डोळ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं, एवढंच शिवणबाईंना ठाऊक होतं. मग त्यात एचआयव्ही निघाला आणि एकामागून एक सगळं इतकं भराभर झालं, की समुपदेशक मुलीचे ओठ हलताना दिसत होते, शब्द कानात शिरत नव्हते. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली. त्याच्याशिवाय आयुष्यात कुणी नव्हतं. म्हणजे त्याच्याकडूनच.

“मावशी, रोज एकच गोळी, ठरलेल्या वेळी, आयुष्यभर,” मुलगी कागद बघत सांगत होती. “सुरुवातीला मळमळेल, डोकं दुखेल, झोप उडेल. बहुतेकांचं दोन-तीन आठवड्यांत थांबतं. पुरळ आलं, डोळे पिवळे झाले, तर लगेच या. पण मनाने गोळी बंद करायची नाही. आता मी काय म्हणाले, सांगा बरं.”

“मुलाला काय तोंड दाखवू?” शिवणबाईंच्या तोंडून एवढंच निघालं.

मुलीने कागद उलटा ठेवला, पाणी पुढे केलं. उठता कधी, शिलाई मशीनवर कधी बसता, आणखी औषधं कुठली, असं विचारत गेली. गुडघ्यांसाठी सकाळी कॅल्शियम होतं.

“ते आता रात्री जेवणानंतर. दोन्ही उपाशीपोटी एकदम घेतलं, तर ही गोळी नीट लागू पडत नाही. ही सकाळी आठला. विसरलात तर आठवताक्षणी घ्या. पण पुढच्या गोळीचीच वेळ झाली असेल, तर एकच. दोन एकदम नाहीत. आणि बाहेर सूनबाई आहेत, त्यांना सांगायचं का?”

“नको, नको!”

दोन आठवड्यांनी मुलीने डबीतल्या गोळ्या मोजल्या. तीसपैकी सोळा उरल्या होत्या. “चौदा दिवस, चौदा गोळ्या. छान!”

“छान कसलं,” शिवणबाई म्हणाल्या. “गणवेशांच्या घाईत एक दिवस विसरले. दुसऱ्या दिवशी आठलाच आठवलं. दोन्ही गिळल्या. तू बजावलं होतंस, तरी.”

“बरं झालं सांगितलंत. एकदा झालं म्हणून घाबरू नका, पुन्हा मात्र नाही.”

“मळमळायला लागलं. सून खोदून खोदून विचारत राहिली. सगळं बोलून गेले गं. ती मटकन खालीच बसली. मला वाटलं, आता माझं ताट वेगळं. तर उठून म्हणते, आई, मोबाईलवर गजर आठचाच लावू ना?”

त्यांना अजूनही ते खरं वाटत नव्हतं. त्यांनीच सुनेला आत बोलावलं.

सून खुर्चीच्या कडेवर टेकली. “एक विचारायचं होतं,” ती म्हणाली. “आईंच्या मुलाची, म्हणजे माझ्या नवऱ्याचीही तपासणी करावी लागेल का?”

हे शिवणबाईंच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“जन्मापासून त्यांना असण्याची शक्यता फार कमी,” मुलगी म्हणाली. “पण एकदा तपासलं की शंका फिटेल.”

“त्याला मी सांगते,” सून म्हणाली. शिवणबाईंनी मान हलवली. “नाही. मीच सांगेन. तू नुसती शेजारी बस.”